ओव्हरहेड प्रेस करताना कंबरेत बाक येतोय? आधी बघा तो रेपमध्ये नक्की कुठे येतो

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये (ठाणे, मानपाड्याच्या बाजूला) मी सकाळची बॅच घेते आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच आहे, शोल्डर प्रेस केला की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. बेंच आणि स्क्वॉटमध्ये काही होत नाही, डेडलिफ्टपण ठीक असतो, पण बार डोक्यावर न्यायला लागलं की पोट पुढे, बरगड्या वर आणि कंबरेत बाक. लोक पोटाचे व्यायाम वाढवतात, बेल्ट लावतात, कंबर स्ट्रेच करतात, महिनाभर बरं वाटतं आणि परत तेच. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

माझा मावसभाऊ २७ वर्षांचा आहे, ऐरोलीला आयटीमध्ये आहे, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. प्रेस ४० किलोवर पाच रेप, आणि तीन महिने तिथेच अडकलेला. आमच्याकडे सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक लावली की सरळ पाच किलोची उडी, ४० वरून ४५. ते ४५ त्याला एकदाच कसंबसं जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर दात घासायला वाकलं की कंबर आखडलेली. मला म्हणाला, ताई माझा कोअर वीक आहे, प्लँक किती मिनिटं करू? त्याचा प्लँक तेव्हाच दोन मिनिटांचा होता. मी म्हटलं, अरे प्लँकचं राहू दे, आधी व्हिडिओ काढू.

व्हिडिओ समोरून काढून काही उपयोग नाही, बाक समोरून दिसतच नाही. बरोब्बर बाजूने काढायचा, फोन बेंचवर कंबरेच्या उंचीला टेकवून आठ-दहा फूट लांब, पूर्ण शरीर दिसलं पाहिजे, पायसुद्धा. ढगळा टीशर्ट असेल तर खोचा. आणि एक छोटी गोष्ट जी मला फार कामाला येते, मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी घेऊन एक तुकडा बाजूने सगळ्यात खालच्या बरगडीवर लावायचा आणि एक कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर. आता व्हिडिओत कंबर बघायची गरजच नाही, फक्त या दोन तुकड्यांमधलं अंतर बघायचं. अंतर वाढलं म्हणजे बरगड्या ओटीपोटावरून सरकून वर आल्या, आणि त्याच वेळी मागे कंबर आत गेली. अंतर कायम म्हणजे बरगड्या ओटीपोटाच्या बरोबर वर आहेत, एकावर एक रचलेल्या डब्यांसारख्या. आपल्याला तेवढंच हवंय. कंबर अगदी सपाट करायची नाहीये हे आत्ताच सांगते, कंबरेला नैसर्गिक थोडा बाक असतोच आणि तो राहूच द्यायचा, वजन वर जाताना तो वाढायला नको इतकंच.

आता मुद्द्याचं. हा बाक रेपमध्ये तीन ठिकाणी येऊ शकतो आणि तिन्हीची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. पहिलं ठिकाण म्हणजे बार हलायच्या आधीच, श्वास घेताना. दुसरं, बार नाक आणि कपाळाच्या मध्ये असताना. तिसरं, हात वर सरळ होताना. व्हिडिओ स्लो करून बघा आणि पट्ट्यांमधलं अंतर पहिल्यांदा कुठे वाढतं ते शोधा. पहिल्यांदा, हे महत्त्वाचं, कारण एकदा सुटलं की पुढे सगळीकडे सुटलेलंच दिसतं.

भावाचे आम्ही तीन व्हिडिओ काढले. नुसता २० किलोचा बार, मग ३०, मग ४०. बारवर काहीच नाही, वर हात सरळ झाले तरी अंतर तेवढंच. ३० वरपण ठीक. ४० वर मात्र पहिल्या रेपच्या आधी त्याने छाती पुढे काढून मोठ्ठा श्वास घेतला आणि अंतर तिथेच दोन बोटं वाढलं, आणि तिसऱ्या रेपपासून बार कपाळाजवळ आला की अख्खा माणूस मागे झुकायला लागला. म्हणजे पहिलं आणि दुसरं ठिकाण. तिसरं नाही, कारण हलक्या वजनावर वर पोचताना त्याला काहीच अडचण नव्हती.

माझं स्वतःचं नेमकं उलटं होतं. मला १५ किलोच्या रिकाम्या बारवरसुद्धा हात वर सरळ व्हायच्या शेवटच्या जराशा भागात बरगड्या उघडायच्या. तिथे वजनाचा संबंध नाही, खांद्यातून तेवढी जागाच मिळत नव्हती आणि जे खांदा देत नाही ते कंबर देते, कारण बारला तर वर जायचंच असतं. हे रोजच्या आयुष्यातसुद्धा दिसतं, लोकलमध्ये रॅकवर बॅग ठेवताना बघा, बरेच जण पोट पुढे काढून आणि मागे झुकूनच बॅग वर सरकवतात.

जमिनीवरची चाचणी

व्हिडिओवरून अंदाज आला तरी ही चाचणी कराच, दोन मिनिटं लागतात. चटईवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. तोंडाने लांब श्वास सोडा, शेवटच्या बरगड्या खाली बसेपर्यंत. कोणाला तरी त्या बरगड्यांवर हलका हात ठेवायला सांगा. आता दोन्ही हात सरळ, अंगठे डोक्याकडे, सावकाश डोक्यामागे न्या. ज्या क्षणी बरगड्या समोरच्याच्या हाताला वर ढकलायला लागतात तिथे थांबायचं, तेवढीच तुमची खरी रेंज. अंगठे बरगड्या न उचलता जमिनीला टेकले तर प्रेससाठी खांद्यात पुरेशी जागा आहे आणि तुमचा प्रॉब्लेम बहुतेक करून श्वास, बारचा रस्ता किंवा वजन यात आहे. टेकले नाहीत तर किती वर राहिले ते बोटांनी मोजून लिहून ठेवा.

नाही टेकले तर चाचणीचा दुसरा भाग. गुडघे छातीशी घ्या, कोणीतरी धरून ठेवलं तर उत्तम, आणि परत हात मागे न्या. आता हात आधीपेक्षा बरेच वर अडकले तर दोष लॅटचा आहे. हा स्नायू खाली ओटीपोटाच्या कडेपासून, कंबरेच्या मागून आणि खालच्या बरगड्यांपासून निघतो आणि काखेतून जाऊन थेट दंडाच्या हाडाला जोडलेला असतो. म्हणजे हात वर गेला की तो ताणला जातो, आणि पुरेसा लांब होत नसेल तर त्याचं खालचं टोक वर ओढलं जातं, ओटीपोट पुढे कलतं, कंबर आत जाते. गुडघे छातीशी घेतल्यावर खालचं टोक आपण लांब नेऊन ठेवतो म्हणून लॅटचा तोकडेपणा लगेच उघडा पडतो. आणि जर दोन्ही वेळा हात तितकेच वर राहिले तर लॅटला सोडा, मधली-वरची पाठ ताठ झालीय किंवा खांद्याच्या सांध्यातच काहीतरी आहे. खांद्यात टोचून दुखत असेल तर मग हे स्ट्रेचिंगचं काम नाही, फिजिओला दाखवा.

माझे अंगठे पहिल्या भागात जमिनीपासून चार बोटं वर आणि दुसऱ्या भागात जवळपास वीतभर वर. लॅट, सरळ सरळ. वर्षानुवर्षं पुलडाउन आणि रोइंग केलेलं, आणि हात पूर्ण वर नेऊन स्नायूला लांब होऊ दिलेलं कधीच नाही. भावाचे अंगठे दोन्ही वेळा आरामात टेकले, गुडघे छातीशी घेऊनसुद्धा. त्याने तीन महिने यूट्यूबवर बघून खांदे आणि लॅटचे स्ट्रेच केले होते, जे त्याला लागतच नव्हते.

श्वास घेतानाच बाक येत असेल तर

जिममध्ये सगळीकडे शिकवतात, छाती वर, मोठा श्वास, पोट टाईट. यातला पहिलाच शब्द घात करतो. छाती वर करून श्वास घेतला की बरगड्यांचा पिंजरा पुढून उघडतो, ओटीपोट आहे तिथेच राहतं, आणि मग पोट कितीही आवळलं तरी तुम्ही वाकडी रचलेली भिंत आवळताय. म्हणून क्रम उलटा करायचा, आधी सोडणं आणि मग घेणं.

बार खांद्यावर घेऊन उभं राहा, पाय खुब्याच्या रुंदीला, गुडघे सरळ, कुल्ले आवळलेले, पण असे की कमरेखाली सगळं घट्ट झालंय एवढंच कळेल, पार जीव खाऊन नाही. मग तोंडाने स्ट्रॉमधून सोडल्यासारखा चार-पाच सेकंद श्वास सोडा. शेवटी शेवटी कुशीतले स्नायू आपोआप आवळले जातात आणि खालच्या बरगड्या आत-खाली येतात, ते जाणवलं पाहिजे. खांदे पुढे पडता कामा नयेत, फक्त बरगड्या. आता त्या बरगड्या तशाच धरून नाकाने श्वास घ्या, छातीत नाही आणि नुसता पोटात पुढेही नाही, कमरेच्या चहूबाजूंना, घट्ट पँटचा पट्टा सगळीकडून सारखा ताणला जावा तसा. धरा, प्रेस करा, बार परत खांद्यावर आला की पुन्हा सोडा, घ्या, धरा. प्रत्येक रेपला. सुरुवातीला यात खूप वेळ जातोय असं वाटतं आणि पाच रेपचा सेट मिनिटभर चालतो, चालू दे.

बारशिवाय सराव करायचा सोपा मार्ग, आरशासमोर उभं राहून अंगठा शेवटच्या बरगडीवर आणि करंगळी कंबरेच्या हाडावर टेकवा, श्वास घेताना बोटं फाकली नाही पाहिजेत. माझ्या बॅचमधले लोक स्टेशनवर लोकलची वाट बघतानासुद्धा करतात.

ब्लड प्रेशरचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडून प्रेस करू नका. बरगड्या त्याच पद्धतीने खाली घ्या, पण बार वर जाताना हळूहळू श्वास सोडत जा, आणि वजन त्या हिशोबाने कमीच ठेवा.

बेल्टबद्दल खूप जण विचारतात. बेल्टला आतून दाब देऊन धड घट्ट ठेवता येतं हे खरं, पण बेल्ट बाक थांबवत नाही, छाती वर काढून बेल्ट लावला तर तो त्या वाकड्या जागीच घट्ट बसतो. भावाचा बेल्ट मी सहा आठवडे बॅगेतच ठेवायला लावला.

बार कपाळाजवळ आल्यावर झुकत असाल तर

मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात आणि त्यांना कोअर वीक आहे असं सांगून सोडून देतात. खरं कारण बहुतेक वेळा बारच्या रस्त्यात असतं. बार तुमच्या गळ्यासमोर सुरू होतो आणि वर पोचेपर्यंत पावलाच्या मध्यावर यायला हवा, मध्ये हनुवटी आणि नाक आडवं येतं. लोक काय करतात, तोंडाला लागू नये म्हणून बार पुढून वळसा घालून नेतात. बार चार-पाच सेंटिमीटर पुढे गेला की तोल सांभाळायला शरीर मागे जातं, कारण तसं केलं नाही तर तुम्ही पुढे पडाल. म्हणजे तो बाक हा तोल सांभाळायचा प्रयत्न आहे, पोट कितीही दणकट असलं तरी बार पुढे असेपर्यंत तो येणारच. त्यात कपाळाजवळ खांद्याची ताकद सगळ्यात कमी पडते, मागे झुकलं की प्रेस इनक्लाइन बेंचसारखा होतो आणि छातीचा वरचा भाग मदतीला येतो, म्हणून शरीर आनंदाने तिकडे जातं.

हे काही आपल्याच जिममधलं नाही. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅच आणि क्लीन अँड जर्कबरोबर पूर्वी प्रेसपण होता. लिफ्टर इतके मागे झुकायला लागले की कुठला रेप खरा आणि कुठला नाही हे पंचांना ठरवता येईना, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर प्रेस स्पर्धेतून काढूनच टाकला.

तर उपाय. आधी पकड, खांद्यापेक्षा किंचित बाहेर, इतकी की समोरून बघितलं तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा दिसेल. बाजूने बघितलं तर कोपर बारच्या जरासं पुढे हवं. भावाचं कोपर बारच्या मागे होतं, पकड फार रुंद आणि बार बोटांकडे मनगट मोडून धरलेला, तिथून ढकललं की बार पुढेच जाणार. बार तळव्याच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडावर बसला पाहिजे. मग डोकं. वर बघायचं नाही, हनुवटी सरळ मागे ओढायची, कोणीतरी फार जवळ येऊन बोलायला लागल्यावर आपण मान मागे घेतो तशी. त्याने बारला नाकासमोरून सरळ जायला वाट मिळते. बार कपाळाच्या वर गेला की डोकं परत आपल्या जागी, कानाच्या रेषेत दंड. इथे अजून एक चुकीची सूचना ऐकायला मिळते, डोकं खिडकीतून बाहेर काढ. लोक डोक्याबरोबर छाती आणि पोटपण बाहेर काढतात. डोकं नुसतं जागेवर आणायचं.

थोडंसं मागे कलणं चालतं का? चालतं, पण ते घोट्यापासून मानेपर्यंत एकाच सरळ फळीसारखं, कुल्ले आवळलेले, पट्ट्यांमधलं अंतर तेवढंच. कंबरेच्या एकाच जागी मोडणं आणि फळी कलणं यातला फरक व्हिडिओत लगेच कळतो.

आणि वजन. हे कोणाला आवडत नाही पण भावाला मी ४० वरून सरळ ३० वर आणलं. त्याने दोन जोड्या सव्वा किलोच्या प्लेट्स विकत घेतल्या आणि बॅगेत ठेवायला लागला, कारण प्रेसमध्ये पाच किलोची उडी फार मोठी असते, ४० वर ती आठवा हिस्सा झाला, स्क्वॉटला पाच वाढवणं आणि प्रेसला पाच वाढवणं सारखं नाही. तुमच्या जिममध्ये छोट्या प्लेट्स नसतील तर हाच एक खर्च मी करायला सांगेन, बेल्टच्या आधी.

वर पोचताना सुटत असेल तर

म्हणजे माझ्यासारखं. इथे वजन कमी करून भागत नाही कारण रिकाम्या बारवरच सुटतंय. लॅट असेल तर मी जे करते ते असं, बेंचसमोर गुडघ्यांवर बसायचं, हातात एक काठी तळवे आपल्याकडे करून धरायची, कोपरं बेंचवर ठेवून कुल्ले मागे टाचांकडे न्यायचे आणि डोकं हातांच्या मध्ये खाली सोडायचं. आता महत्त्वाचा भाग, लांब श्वास सोडून बरगड्या आत घ्यायच्या आणि कंबर खाली लोंबू द्यायची नाही. कंबर लोंबली तर ताण लॅटला बसतच नाही, आपण परत तोच बाक स्ट्रेचमध्ये करत बसतो. पाच सावकाश श्वास, तीन वेळा, प्रेसच्या आधी. वरची पाठ ताठ असेल तर फोम रोलर, नसेल तर चटईची घट्ट गुंडाळी, फऱ्याच्या खालच्या टोकापासून वर कुठेही आडवी ठेवायची, कंबरेच्या जागी कधीच नाही, डोकं हातात, कुल्ले जमिनीवर, आणि गुंडाळीवरून मागे हळू सात-आठ वेळा.

अजून एक, खांदे मागे आणि खाली ठेवा ही सूचना बेंच प्रेसची आहे, इथे ती सोडून द्या. हात पूर्ण वर जायला साधारण १८० अंश लागतात आणि त्यातले ६० च्या आसपास फऱ्याच्या फिरण्यातून येतात. फरा खाली दाबून धरला तर तेवढे अंश कमी पडतात आणि ते कुठून भरले जातात हे आता तुम्हाला माहितीय. वर पोचल्यावर खांदे कानांकडे जाऊ द्या.

रेंज येईपर्यंत बार डोक्यावर न्यायचा हट्ट करू नका. मी तेव्हा लँडमाइन प्रेस करत होते, बारचं एक टोक कोपऱ्यात जुन्या टॉवेलवर टेकवून, त्यात हात तिरका पुढे-वर जातो आणि शेवटचे अंश लागतच नाहीत. दहा आठवड्यांनी माझे अंगठे पहिल्या चाचणीत टेकायला लागले. रोज टेकत नाहीत, वॉर्मअपनंतर टेकतात.

आमच्या जिमची उंची कमी आहे, वर पंखा आहे, त्यामुळे बरेच जण पाठ टेकायच्या बेंचवर बसून प्रेस करतात आणि त्यांना वाटतं कंबर सेफ आहे. बाजूने बघा, वजन जड झालं की कुल्ले पुढे घसरतात, कंबर आणि पाठटेकीमध्ये अख्खा हात जाईल एवढी जागा होते. उंची कमी असेल तर त्यापेक्षा एका गुडघ्यावर बसून एका हाताने डंबेल प्रेस करा. उजव्या हातात डंबेल असेल तर उजवा गुडघा जमिनीवर, त्याच बाजूचा कुल्ला आवळलेला. या अवस्थेत कंबर मोडली की तोल लगेच जातो, त्यामुळे चूक सांगायला कोणी लागत नाही. भावाला मी गुरुवारी हेच दिलं, १० किलो, प्रत्येक बाजूला आठ, तीन सेट.

त्याचं पुढे काय झालं

सोमवारी बार प्रेस, गुरुवारी गुडघ्यावरचा डंबेल प्रेस. पहिल्या आठवड्यात ३० किलो सहा रेपचे तीन सेट, दर आठवड्याला अडीच किलो वाढ, आणि एक नियम, पट्ट्यांमधलं अंतर ज्या रेपला वाढलं तिथे सेट संपला, मग ती चौथी असो की दुसरी. दुसऱ्या आठवड्यात ३२.५, तिसऱ्यात ३५ वर पाचव्या रेपला सुटला म्हणून चौथ्यातही ३५ च.

चौथ्या आठवड्यात वेगळीच गडबड झाली. त्याने बरगड्या खाली ठेवायच्या नादात ओटीपोट इतकं आत घेतलं की कंबर सपाट, छाती आत आणि वरची पाठ गोल, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसायला लागला. साहजिक आहे, वरची पाठ गोल झाली की फऱ्याला फिरायला जागा राहत नाही. व्हिडिओत पट्ट्यांमधलं अंतर चक्क कमी झालेलं दिसलं. म्हणून नियमात सुधारणा केली, वाढायला नको तसं कमीही व्हायला नको. कुल्ल्यांचा जोर अर्धा केला, छातीचं हाड सरळ समोर बघेल एवढं उचललं, चिमटा त्याच दिवशी गेला. हे मुद्दाम लिहितेय कारण बरगड्या खाली हे ऐकल्यावर निम्मे लोक या दुसऱ्या टोकाला जातात.

पाचव्या आठवड्यात ३७.५, सहाव्यात ४०, पाच रेप, पहिल्या ते पाचव्या रेपपर्यंत अंतर तेवढंच. बेसिनवरची कंबर तिसऱ्या आठवड्यापासूनच आखडायची थांबली होती.

आता हे सगळं फक्त आखडणाऱ्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारखं जड वाटणाऱ्या कंबरेसाठी आहे. दुखणं एकाच बाजूला बोट ठेवून दाखवता येत असेल, मागे वाकल्यावर वाढत असेल, आणि विशेषतः मुलगा शाळा-कॉलेजच्या वयाचा आणि फास्ट बोलिंग करणारा असेल तर प्रेस बंद करा आणि ऑर्थोपेडिककडे जा, कारण सारखं मागे वाकून मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणाची चीर जाऊ शकते आणि बोलर पोरांमध्ये ती दिसते. अशी चीर व्यायामाने दुरुस्त करायला जायचं नसतं, तिला विश्रांती लागते. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वजन उचलू नका. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिर वाटत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

भाऊ आता ४२.५ वर आहे, तीन रेप स्वच्छ, चौथीला अजून कपाळाजवळ सुटतो, म्हणून तीनवरच थांबवलंय. पट्ट्या अजून लावतो.